फोनवर मुलाखत रेकॉर्ड करायचीय? आधी हे वाचा (सोलापुरातल्या चुकांसकट)

मागच्या वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जुन्या गिरणी कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पहिली मुलाखत घेतली ती आमच्या ओळखीतल्या एका तात्यांची. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्य गिरणीत आणि नंतर यंत्रमागावर गेलेलं, आणि बोलायला लागले की थांबत नाहीत असा माणूस. मी फोन टीपॉयवर ठेवला, लाल बटण दाबलं आणि दीड तास ऐकत बसले. घरी येऊन हेडफोन लावला तर काय, डोक्यावरच्या पंख्याची घरघर, मागच्या गल्लीतल्या मागांची खटखट, चहाचा कप ठेवला की बॉम्ब फुटल्यासारखा आवाज, आणि ह्या सगळ्याच्या मागे कुठेतरी विहिरीतून बोलल्यासारखे तात्या. वडिलांकडून ऐकलेली सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉची गोष्ट त्यांनी इतकी रंगवून सांगितली होती, त्यातली निम्मी वाक्यं मला लिहून काढता आली नाहीत.

मग परत गेले. दुसऱ्या वेळी नीट झालं, आणि त्यानंतर अजून अकरा मुलाखती केल्या. मधे काय काय शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. साउंडवाली नाहीये मी, पण ह्यातली प्रत्येक चूक स्वतः केलेली आहे. एका खोलीत एक माणूस बोलतोय आणि समोर तुम्ही बसलाय, ह्याच प्रसंगाबद्दल सगळं आहे. व्याख्यानाचं शेवटाकडे थोडंसं लिहिलंय.

काय काय लागेल

- फोन, कमीत कमी २ जीबी जागा रिकामी आणि बॅटरी फुल
- वायरवाला कॉलर माईक (नसला तरी चालेल, खाली सांगते)
- लागला तर फोनचा कनेक्टर
- वायरवाला साधा हेडफोन, ऐकून बघायला
- दोन जाड चादरी. हो, आपल्या सोलापुरी चादरीच
- दुसरा कुठलाही फोन, बॅकअपला
- संमतीचा कागद, त्यावर नाव, तारीख आणि रेकॉर्डिंग कशासाठी वापरणार ते

## १. आधी खोली बघा, माईक नंतर

मुलाखतीच्या आदल्या दिवशी शक्य असेल तर एकदा घरी जाऊन या आणि एक मिनिट गप्प बसून नुसतं ऐका. आपले कान फार लबाड असतात, पंखा पाच मिनिटांत ऐकू यायचा बंद होतो. फोनला मात्र तो शेवटपर्यंत ऐकू येतो.

आपल्याकडची बरीच जुनी घरं म्हणजे खाली शहाबादी फरशी, वर पत्रे आणि चारी बाजूंनी उघड्या भिंती. असल्या खोलीत आवाज घुमतो, म्हणजे तोंडातून निघालेला शब्द भिंतीवर आपटून परत माईकमध्ये येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. रेकॉर्डिंगमधला घुमणारा आवाज नंतर पूर्ण काढता येत नाही, पंख्याचा तरी थोडा कमी करता येतो. म्हणून बाहेरची मोकळी खोली दिसायला कितीही छान असली तरी ज्या खोलीत गादी, कपड्यांचं कपाट, गाठोडी, पडदे आहेत ती निवडा. टाळी वाजवून बघा. टाळीमागे टण्ण असं शेपूट ऐकू आलं तर एक चादर बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर खुंटीला लटकवा आणि जमलं तर एक त्यांच्या पाठीमागे. तात्यांच्या घरी मी एक चादर खिडकीच्या गजांवर वाळत घातल्यासारखी टाकली होती, त्यांना वाटलं मला ऊन लागतंय.

मागांचा आवाज असेल तर चादर त्याला पुरत नाही. तो आवाज भिंतीतून आणि जमिनीतूनही येतो. तिथे एकच उपाय, वेळ बदलायची. कारखान्याला सुट्टी कधी, जेवायला कधी थांबतात हे घरच्यांना तोंडपाठ असतं, सरळ विचारा. तात्यांच्या मागचा कारखाना दुपारी अर्धा तास थांबायचा आणि आठवड्यातून एक दिवस बंद असायचा. मी त्या बंदच्या दिवशी सकाळी सातला गेले.

सकाळी सात ह्याला अजून एक कारण आहे. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात दुपारी बारा वाजता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पंखा बंद करा म्हणायचं म्हणजे पाप आहे. सकाळी तास-दीड तास तरी निभतो. नाहीच निभला तर पंखा एकवर ठेवा आणि बरोबर पंख्याखाली बसू नका, कारण वारा थेट माईकवर आला की घुर्र असा जाड आवाज येतो. कूलर मात्र बंदच पाहिजे, त्याच्याशी कुठलाच माईक लढू शकत नाही.

फ्रिजही बंद करा. आणि करताना आपल्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा. चावीशिवाय घरी जाता येणार नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचा राहणार नाही. कोणाच्या घरचं दूध नासवून यायला नको.

## २. माईक तोंडाजवळ. एवढं जमलं तर निम्मं काम झालं

पहिल्या वेळी माझं काय चुकलं ते आता नीट सांगते. टीपॉयवरचा फोन तात्यांच्या तोंडापासून साधारण चार वीत लांब होता. आवाजाचा हिशोब असा की अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोचणारा आवाज ६ डीबीने, म्हणजे ६ डेसिबलने पडतो. एक वीतवरून दोन वीत झालं की ६ गेले, दोनवरून चार झालं की अजून ६, म्हणजे एकूण १२. पण पंखा आणि माग फोनपासून लांबच आहेत, त्यांचं अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे त्यांचा आवाज होता तेवढाच. तात्या खाली गेले, पंखा तिथेच राहिला. नंतर कॉम्प्युटरवर आवाज वाढवला की दोघंही एकत्रच वाढतात. महागडा माईक घेऊन चार वीत लांब ठेवला तरी हेच होणार, स्वस्तातला माईक एक वीतवर ठेवला तर तो बाजी मारणार.

कॉलर माईक असेल तर तो हनुवटीखाली एक वीतभर, छातीच्या मधोमध लावा. शर्ट असेल तर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या बटणाजवळ, पट्टीच्या काठावर. गळ्याच्या अगदी वर लावू नका, हनुवटीच्या आडोशाला आवाज दबका होतो आणि मान हलली की कमी-जास्त होतो. माईकचं तोंड वर आहे की थोडं तिरकं ह्याने फार फरक पडत नाही, कारण बहुतेक कॉलर माईक चारी बाजूंनी सारखंच ऐकतात. आणि म्हणूनच ते पंखाही ऐकतात, अंतर हाच त्यांचा एकमेव फायदा आहे.

कपड्याचं बघा. कडक इस्त्रीचा, खळ घातलेला शर्ट कुरकुरतो. उपरणं सरकून माईकवर येतं. बायकांच्या बाबतीत मी विडी कामगार मावशींच्या मुलाखतीत शहाण्यासारखा माईक पदराला लावला, आणि मावशी दर दोन मिनिटांनी पदर सावरत होत्या, प्रत्येक वेळी खर्रर्र. पदराला नाही, ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला लावायचा, आणि मंगळसूत्र माईकवर आपटत नाही ना ते बघायचं. मण्यांचा टिकटिक आवाज बोलताना आपल्याला ऐकूच येत नाही, हेडफोन लावला की दुसरं काही ऐकू येत नाही. मावशींना सांगितलं तर त्यांनी स्वतःच मंगळसूत्र हसत हसत ब्लाउजच्या आत टाकलं, प्रश्न मिटला. माईक त्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच लावू द्या, आपण फक्त जागा दाखवायची.

वायर क्लिपमधून एक छोटा फेरा मारून घ्या. खाली वायर ओढली गेली तर धक्का फेऱ्यात जिरतो, माईकपर्यंत जात नाही.

कॉलर माईक नसेल तर फोनचाच माईक वापरायचा, तो पण वाईट नसतो. फोनचा मुख्य माईक खाली असतो, चार्जिंगच्या भोकाशेजारी जे बारीक छिद्र आहे ते. फोनचा तो खालचा काठ बोलणाऱ्याच्या तोंडाकडे करून, दीड वीतवर, तोंडाच्या थोडा खाली ठेवायचा. समोर एक स्टूल, स्टुलावर दोन-तीन जाड पुस्तकं, त्यावर चौपदरी घडी केलेली चादर आणि चादरीवर फोन. चादर शोभेला नाहीये. स्टूल, फरशी, कप, मांडीचा धक्का हे सगळं लाकडातून थेट फोनमध्ये जातं, चादर ते खाते. कव्हरने छिद्र झाकलंय का बघा, आणि त्या छिद्रात टाचणी घालून साफ करायला जाऊ नका, आतला माईक फुटतो. फोन हातात धरून मुलाखत घेणं तर नकोच, बोटं हलली की सगळं ऐकू येतं.

तुमच्या स्वतःच्या आवाजाचं काय? माईक एकच असेल तर तो त्यांच्याकडेच राहू दे. तुमचे प्रश्न बारीक आले तरी कळतात, नाहीतर लिहिताना आठवतात. शेजारी काटकोनात बसा, समोरासमोर लांब नको, म्हणजे ते तुमच्याकडे बघून बोलताना तोंड माईकपासून फार फिरत नाही. आणि हं हं, अच्छा, अरे बापरे हे तोंडाने म्हणायची सवय सोडा. मान हलवायची नुसती. माझ्या पहिल्या मुलाखतीत तात्यांच्या प्रत्येक चांगल्या वाक्यावर माझं "हो का" बसलंय.

## ३. फोन खरंच कोणत्या माईकने ऐकतोय?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. कॉलर माईक नीट लावला, वायर जोडली, तासभर रेकॉर्ड केलं आणि नंतर कळलं की फोनने स्वतःच्याच माईकने ऐकलं, कॉलर माईक नुसता दागिना.

कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. एक, पिन. फोनला चालणाऱ्या माईकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्यासाठीच्या माईकवर दोनच. दोन रेघांचा माईक फोनमध्ये बसतो पण फोन त्याला ओळखत नाही, त्याला मधे जोड लागतो. दोन, ज्या फोनला गोल भोकच नाही, नुसतं टाइप-सी आहे, तिथे स्वस्तातला साधा कनेक्टर प्रत्येक फोनवर चालत नाही, बऱ्याच फोनना आत चिप असलेला लागतो. दुकानात फोन घेऊन जा आणि तिथेच रेकॉर्ड करून बघून पैसे द्या. काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन OTG connection चालू करावं लागतं, ते पण बघा. तीन, काही माईकच्या वायरवर छोटी डबी असते आणि तिला बटण असतं, एक बाजू कॅमेऱ्यासाठी, एक फोनसाठी. ते उलट्या बाजूला असलं की आवाज येतच नाही किंवा अगदी बारीक येतो.

तपासायची पद्धत पाच सेकंदांची आहे. रेकॉर्डिंग चालू करा, कॉलर माईकवर नखाने हलकं खरवडा. मग फोनच्या खालच्या काठावर खरवडा. ॲपमध्ये आवाजाबरोबर वर-खाली होणाऱ्या मीटरची काडी ज्याच्यावर उडी मारते तो माईक चालू आहे. हे दर मुलाखतीला करायचं, काल चाललं होतं म्हणून आज चालेलच असं नाही.

ब्लूटूथ इयरफोनचा माईक म्हणून वापर करू नका. त्यांचा माईक चालू झाला की बहुतेक वेळा फोन कॉलच्या दर्जाच्या आवाजावर जातो, गाणी कितीही भारी वाजत असली तरी. दोन तुकड्यांचे छोटे वायरलेस माईक आता सगळीकडे मिळतात, ते वेगळे, ते चालतात, पण त्यांच्यावर आवाज गाळायचं बटण असतं ते बंद ठेवा, कारण ते चालू असलं की पंख्याबरोबर वाक्याच्या शेवटचे हळू शब्दही गिळतं. म्हातारी माणसं तर वाक्याचा शेवट हळूच बोलतात.

## ४. लेव्हल: तात्यांचा भोंगा

लेव्हल म्हणजे रेकॉर्ड होणारा आवाज मीटरवर किती उंच जातोय. फोनच्या मीटरवर सगळ्यात वर ० असतो आणि खाली उणे आकडे. शून्याला लागला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पहिल्यासारखा होत नाही. फार खाली ठेवला तर नंतर वाढवताना खरखर वर येते. म्हणून बोलताना काडीची उंच उडी उणे १८ ते उणे १२ च्या आसपास जावी आणि हसताना, ओरडताना उणे ६ च्या वर फारशी जाऊ नये, मी एवढंच धरून चालते.

टेस्ट करताना लोक विचारतात, काय तात्या, नाश्ता काय केला? तात्या म्हणतात, भाकरी आणि शेंगाचटणी. हे हळू आवाजात, नव्या माणसासमोर लाजत बोललेलं वाक्य असतं. त्यावर लेव्हल लावली की अर्ध्या तासाने माणूस रंगात येतो आणि सगळं फाटतं. माझं अगदी हेच होणार होतं. दुसऱ्या वेळी मी माईक फार वर, गळ्याजवळ लावला होता, तोंडापासून जेमतेम अर्धा वीत. साधं बोलताना उडी उणे १० वर जात होती, मला वाटलं वा, मस्त भरदार आवाज येतोय. मग मी सहज विचारलं, गिरणीचा भोंगा कसा वाजायचा हो? तात्यांनी तोंडापुढे दोन्ही हात धरले आणि अख्खी गल्ली जागी होईल असा भोंगा वाजवून दाखवला. काडी शून्यावर जाऊन चिकटली, लाल झाली. नशीब की टेस्टच चालू होती.

माईक खाली घेतला, एक वीतवर. अंतर दुप्पट, म्हणजे ६ डीबी खाली. बोलणं उणे १६ वर आलं, हसणं उणे ८ च्या आसपास, आणि भोंगा परत वाजवायला लावला तर उणे ३. भोंगा काही बोलण्याचा भाग नाही, तेवढा चालतो. ॲपमध्ये मी कशालाही हात लावला नाही, फक्त माईक दोन बटणं खाली सरकवला. म्हणून आता माझी टेस्ट ठरलेली आहे. नाश्ता विचारत नाही. ज्या विषयावर ते चिडतात किंवा हसतात तेच अर्धा मिनिट बोलायला लावते.

मग दुसरा आकडा बघायचा. सगळ्यांनी दहा सेकंद गप्प बसायचं आणि मीटर कुठे टेकतंय ते पाहायचं. तात्यांच्या खोलीत पंखा चालू असताना ते उणे ३८ ला होतं, बंद केल्यावर उणे ५० च्या खाली गेलं. बोलणं उणे १६ ला आणि शांतता उणे ३८ ला म्हणजे मधे फक्त २२ चं अंतर, ऐकताना त्रास होतो. निदान ३० चं अंतर पाहिजे असा माझा अनुभव आहे. अंतर कमी असलं तर आवाजाची पातळी वाढवून उपयोग नाही, पंखा बंद करा नाहीतर माईक जवळ घ्या.

हे दहा सेकंद रेकॉर्डही करून ठेवा. नंतर Audacity ह्या आवाज एडिट करायच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये पंख्याचा आवाज कमी करायचा असेल तर Noise Reduction ला असाच एक रिकामा तुकडा नमुना म्हणून दाखवावा लागतो.

एक गोष्ट अजून. पुष्कळ ॲप आवाज स्वतःच कमी-जास्त करतात. माणूस थांबला की ॲपला वाटतं आवाज कमी झाला, ते वाढवायला लागतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर पंखा हळूहळू वर येतो, माणूस बोलला की परत खाली जातो. श्वास घेतल्यासारखं ऐकू येतं ते. हेच ओळखायचं लक्षण. सेटिंगमध्ये Auto gain, Noise suppression, Skip silence असलं काही दिसलं तर सगळं बंद करा. Skip silence तर खास बंद करा, ते शांतता कापून टाकतं, आणि बोलता बोलता थांबलेल्या माणसाची शांतता कापली की तो फटाफट उत्तरं देणारा वाटायला लागतो.

## ५. फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये

सरळ सांगते, WAV, म्हणजे आवाज न दाबता आहे तसा ठेवणारी फाइल. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. ह्यात एक तास साधारण ३४५ एमबी होतो. दोन तास म्हणजे ७०० एमबीच्या घरात. एकच माईक असताना स्टीरिओ घेतलं तर तोच आवाज दोनदा लिहिला जातो, जागा दुप्पट, फायदा शून्य.

अँड्रॉइडवर फोनबरोबर आलेलं ॲप WAV देत नसेल तर Play Store वर Easy Voice Recorder सारखी ॲप आहेत. निवडताना दोनच गोष्टी बघा, WAV देतं का आणि मीटर दिसतं का. आयफोनवर Voice Memos च्या सेटिंगमध्ये Audio Quality ला Lossless करा. त्याची फाइल m4a च असते पण आवाज न गाळता ठेवते, चालतं.

जागा अगदीच कमी असेल तर आवाज दाबून छोटी फाइल करणारं साधं m4a, १२८ केबीपीएस, तासाला ५८ एमबी. ऐकायला फरक कळणार नाही. पण m4a ची एक खोड आहे. फाइलमध्ये कुठे काय आहे ह्याची यादी ती सहसा शेवटी, बंद करताना लिहिते. मधेच बॅटरी संपली किंवा ॲप बंद पडलं तर ती यादीच लिहिली जात नाही आणि तासाभराची फाइल उघडतच नाही. WAV मधेच तुटली तरी तोपर्यंतचा आवाज Audacity च्या Import Raw Data ने बहुतेक वेळा बाहेर काढता येतो. माझी एक अख्खी मुलाखत अशी वाचलीय, म्हणून WAV.

AMR किंवा 3GP दिसलं तर तिथून पळा. AMR हा फोन कॉलसाठी केलेला प्रकार, 3GP फाइलमध्येही बहुतेक वेळा तोच असतो, आणि तो सहसा ८ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे आवाजातला ४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग त्यात येतच नाही. स, श, फ ह्यांची ओळख पटवणारी बरीचशी सळसळ तिथेच असते. विणकराची मुलाखत आणि "साल" की "शाल" कळेना, अशी गत होते. तेलुगू-कन्नड मिसळून बोलणारी माणसं असतील, आणि आपल्याकडे असतातच, तर अंदाजाने शब्द लावणं अजून अवघड.

m4a ची WAV केली म्हणजे दर्जा वाढला असं नाही. गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल मोठी होते. उलटं करायला हरकत नाही, मूळ WAV जपून ठेवायची आणि पाठवायला छोटी कॉपी काढायची. कॉम्प्युटरवर ffmpeg हा फाइलींचा फॉरमॅट बदलणारा प्रोग्राम असेल तर ही कमांड:

```
ffmpeg -i tatya_01.wav -ac 1 -c:a aac -b:a 96k tatya_01.m4a
```

## ६. सुरू करायच्या आधीची दोन मिनिटं

आधी Airplane mode, मग Do Not Disturb. कॉल आला की बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि पुन्हा आपोआप सुरू होत नाही. बॅटरी सेव्हर बंद, कारण स्क्रीन बंद झाल्यावर तो कधीकधी ॲपच मारून टाकतो. घरी पाच मिनिटं स्क्रीन बंद ठेवून एकदा बघून घ्या. फोन उन्हात, खिडकीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो तापून बंद पडतो.

दुसरा फोन थोड्या अंतरावर, चादरीच्या घडीवर ठेवून त्याच्यावरही रेकॉर्डिंग चालू करा. दोन्ही चालू झाले की एक जोरात टाळी. नंतर दोन्ही फाइली जुळवायच्या झाल्या तर टाळीचा टोकदार ठिपका दोन्हीकडे दिसतो. दोन फोनची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे तासाभरात थोडंसं मागे-पुढे होतं, शेवटीही एक टाळी वाजवली तर तेही जुळवता येतं.

मग तारीख, जागा, तुमचं नाव, त्यांचं नाव बोला आणि त्यांना विचारा, तात्या, हे रेकॉर्ड करतोय, चालेल ना? त्यांचं "चालंल की" फाइलमध्येच राहतं. कागदावर सही वेगळी घ्या.

मुलाखत चालू असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी मीटरकडे फक्त नजर टाका. वेळेचा आकडा पळतोय ना, काडी हलतेय ना, बस. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला, रिक्षाने हॉर्न मारला तर बोलणं तोडू नका, वाक्य संपू द्या आणि मग म्हणा, तात्या ते परत एकदा सांगा ना, ऐकायला नीट आलं नाही. दुसऱ्यांदा ते जास्तच चांगलं सांगतात असा माझा अनुभव. चहा आला की रेकॉर्डिंग बंद करू नका. माझ्याकडचे सगळ्यात चांगले किस्से चहाच्या वेळचे आहेत, फक्त कप-बशी चादरीवर ठेवायला सांगा.

## व्याख्यान असेल तर

हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून फोन उंच धरून काही होत नाही, आणि स्पीकरच्या खांबाजवळ ठेवूनही नाही. तिथे हॉलचा सगळा घुमणारा आवाज मिळतो, वर फाटतोही. वक्त्याला आधी भेटा, कॉलर माईक लावून फोन त्यांच्या खिशात किंवा पोडियमच्या आतल्या कप्प्यात ठेवायची परवानगी घ्या. खिशात ठेवायचा तर स्क्रीन लॉक करा, नाहीतर खिशातच बटण दाबलं जातं. वक्ता स्वागताच्या आधीच स्टेजवर जातो, त्यामुळे रेकॉर्डिंग अर्धा तास आधीच चालू करावं लागतं, जागा तेवढी ठेवा. प्रेक्षकांचे प्रश्न त्यात येणार नाहीत, वक्त्यांना सांगून ठेवा की प्रश्न आधी स्वतः एकदा म्हणून दाखवा.

## ७. घरातून बाहेर पडायच्या आधी

बंद करा दाबलं, सेव्ह झालं, की तिथेच हेडफोन लावून सुरुवातीचं अर्धा मिनिट, मधलं अर्धा मिनिट आणि शेवटचं अर्धा मिनिट ऐका. काही बिघडलं असेल तर माणूस अजून समोर बसलाय.

फाइलचं नाव लगेच बदला. Recording 47 असल्या नावाच्या बारा फाइली महिन्याने उघडल्या की कोण कुठला काही कळत नाही. मी असं लिहिते: `2025-04-17_tatya_girni_01.wav`, आधी वर्ष टाकलं की आपोआप तारखेने लागतात.

व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तशी ती आहे तशी जाते. मी पहिली मुलाखत मैत्रिणीला स्पीकरवर लावून व्हॉइस मेसेजमध्ये रेकॉर्ड करून पाठवली होती, आता सांगायलाही लाज वाटते. घरी गेल्यावर त्याच दिवशी कॉम्प्युटरवर एक आणि पेनड्राइव्हवर एक अशा दोन कॉपी करा, आणि त्या दोन्ही उघडून वाजतात का बघितल्याशिवाय फोनमधली पुसू नका.

आणि फ्रिज चालू करा. गाडीची चावी आतच आहे.